‘घरी विचारून कळवतो’ ते सिच्युएशनशिप

नाशिकच्या गृहस्थांचा अकरा दिवस मेसेज नाही म्हटल्यावर मी भाचीला फोन केला आणि विचारलं, “नाशिकला तुझ्या ओळखीचं कुणी हॉस्पिटलात आहे का गं?”

“का? काय झालं?”

मी सांगितलं. सहा आठवडे रोज बोलणं होत होतं. सकाळी गोदाकाठचा फोटो यायचा, रात्री जेवणात काय होतं त्याचा तपशील. पुढच्या महिन्यात ते पुण्याला येणार होते, कुठे भेटायचं तेही ठरलं होतं. आणि एका मंगळवारपासून काहीच नाही. गृहस्थ त्रेसष्टचे, एकटे राहणारे, मागे एकदा अँजिओप्लास्टी झालेली. माझ्या डोळ्यांसमोर बाथरूमचं आतून बंद दार येत होतं.

भाची क्षणभर गप्प बसली. मग जरा जपून म्हणाली, “मावशी, मला वाटतं त्यांनी तुला घोस्ट केलंय.”

इथून माझी शिकवणी सुरू झाली. मी एकोणसाठ वर्षांची. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, शब्द समजावून सांगणं हाच पोटापाण्याचा धंदा. आमचे हे पोस्टात होते, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा परदेशात. डेटिंग अ‍ॅपवर मला भाचीनेच बसवलं. ती सत्तावीसची, हिंजवडीत नोकरीला, शनिवार-रविवार माझ्याकडे असते. वयाची मर्यादा पंचावन्न ते अडुसष्ट लावून दिली, पदर नीट घेतलेला एक फोटो आणि टेकडीवरचा एक फोटो टाकला. अ‍ॅप कसं वापरायचं ते अर्ध्या तासात कळलं. भाषा कळायला वर्ष गेलं.

घोस्टिंग म्हणजे बोलणं चालू असताना, भांडण नाही, कारण नाही, आणि समोरचं माणूस भुतासारखं नाहीसं होणं. मेरियम-वेबस्टरच्या कोशात हा अर्थ २०१७ साली आला, म्हणजे भूत नवंच आहे. मी म्हटलं, यात नवं काय? आमच्या वेळी कांदेपोहे खाऊन, मुलीला गाणं म्हणायला लावून मंडळी जायची आणि दारात चपला घालताना म्हणायची, “घरी विचारून कळवतो.” ते कळवायचे नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीला असे चार ‘कळवतो’ मिळाले होते.

“पण मग तुम्ही काय करायचात?” भाचीने विचारलं.

काय करायचो? मध्यस्थ काकूंना गाठायचो. काकू त्या घरी जायच्या, चहा प्यायच्या आणि परत येऊन सांगायच्या, “पत्रिका जमत नाही म्हणतात.” पत्रिका बहुधा कुणी उघडलेलीही नसायची. पण नकार हातात पडायचा, अब्रू राखून पडायचा. आणि कळवलं नाही तर त्या घराला काकूंना तोंड दाखवावं लागायचं, लग्नाकार्यात समोर यावं लागायचं. तेवढ्या लाजेने माणसं खोटं का होईना, काहीतरी बोलायची. अ‍ॅपवर काकू नाहीत. नाशिकच्या गृहस्थांना आणि मला दोघांना ओळखणारं या पृथ्वीवर एकही माणूस नव्हतं. गप्प बसण्याची त्यांना काही किंमतच मोजावी लागत नव्हती. घोस्टिंग इतकं का बोकाळलं, याचं मला पटलेलं कारण हे एवढंच. माणसं पूर्वीपेक्षा दुष्ट झाली म्हणून नव्हे.

तरीही माझी शंका मिटेना. तरुणांच्या गप्प बसण्याचा अर्थ एकच असतो, आमच्या वयात दोन असतात. भाचीला घोस्टिंग सुचतं तिथे मला आयसीयू सुचतं. ती म्हणाली, ठीक आहे, तपासू या. आणि तिने मला माझाच फोन वाचायला शिकवला.

मेसेजखाली एकच करडी खूण असली तर तो माझ्याकडून गेला, पण त्यांच्या फोनपर्यंत पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, किंवा त्यांनी मला ब्लॉक केलं असेल. दोन करड्या खुणा म्हणजे पोचला. निळ्या झाल्या तर वाचला, पण निळ्या खुणा बंद करून ठेवता येतात, म्हणून निळी नाही याचा अर्थ वाचलं नाही असा होत नाही. ब्लॉक केलं की एकच खूण अडकून राहते, त्यांचं ‘लास्ट सीन’ दिसत नाही, फोटो दिसेनासा होऊ शकतो, फोनही लागत नाही. यातल्या एकट्यादुकट्या गोष्टीवरून काही सांगता येत नाही, सगळ्या एकत्र दिसल्या तरच संशय घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपने हे मुद्दाम संदिग्ध ठेवलंय, ब्लॉक करणाऱ्याची बाजू सांभाळायला.

माझ्या मेसेजखाली दोन करड्या खुणा होत्या. म्हणजे फोन चालू होता, चार्ज होत होता. बाथरूमच्या दाराची भीती थोडी ओसरली. पण फोन मुलाच्या हातातही असू शकतो, मी म्हटलं. भाचीने विचारलं, “तू गणपतीत मोदकांचं स्टेटस ठेवलं होतंस ना कालच? ते कुणी कुणी पाहिलं ते उघड.”

उघडलं. बत्तीस नावं. माझी विहीणबाई, दोन माजी विद्यार्थी, गॅसवाला, आणि अकराव्या नंबरवर नाशिककर. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी माझे मोदक पाहिले होते.

म्हणजे प्रकृती उत्तम होती. माझा “तब्येत बरी आहे ना?” हा मेसेज त्यांनी उघडला नव्हता, वरच्या वर नोटिफिकेशनमध्ये वाचून बोटाने बाजूला सारला असणार. पण मोदक पाहिले. यालाही शब्द आहे म्हणे, ऑर्बिटिंग. बोलायचं नाही, पण ग्रहासारखं भोवती फिरत राहायचं. त्या रात्री मला राग आला तो गप्प बसण्याचा नाही, मोदकांचा आला. अकरा दिवस मी एका धडधाकट माणसासाठी रात्री रामरक्षा म्हणत होते.

भाचीचा नियम असा की घोस्ट झाल्यावर एकच मेसेज पाठवायचा, प्रश्नचिन्ह नसलेला, आणि मग थांबायचं. प्रश्न विचारला की आपण उत्तराची वाट बघत बसतो. मी लिहिलं, “आपण ठीक आहात हे कळलं. पुण्याची भेट रद्द समजते. शुभेच्छा.” दोन करड्या खुणा. आजही करड्याच आहेत.

दुसरा शब्द रेड फ्लॅग. याची मात्र मला आधी गंमत वाटली, कारण भाचीने तो भाषांतर करून सांगितला, “म्हणजे लाल बावटा गं.” माझं माहेर लालबागचं. वडील गिरणीत साच्यावर. १९२८ सालच्या गिरणी कामगार युनियनच्या कथा आजोबांकडून ऐकत आम्ही मोठे झालो. आमच्या घरात लाल बावटा दिसला की माणसं पळून जायची नाहीत, त्याच्याखाली जमायची. मी म्हटलं, तुमचा तो रेल्वेचा लाल बावटा. गाडी थांबवा, पुढे रूळ उखडलाय. ती म्हणाली हो, तोच. आणि तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार उपयोगी पडली. रेड फ्लॅग म्हणजे अपघात नव्हे, अपघाताच्या आधी दिसणारी वस्तू. त्यामुळे तो नेहमी लहानसाच दिसतो.

मला भेटलेल्या एका गृहस्थांना मी मनात ‘दुपारवाले’ म्हणत असे. वय बासष्ट, प्रोफाइलवर विधुर असं लिहिलेलं. बोलणं मृदू, वाचन चांगलं, शुद्धलेखन तर असं की मी निम्मी तिथेच पाघळले. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकत नसे. ते नेहमी दुपारी फोन करत, साडेबारा ते चारच्या मधे. पहिला महिना मला हे चांगलंच वाटलं, माझीही जेवणानंतरची वेळ मोकळी असते. रविवारी फोन नाही. दिवाळीचे चार दिवस मेसेजही नाही. संध्याकाळी मी कधी केला तर कट व्हायचा आणि दहा मिनिटांनी मेसेज यायचा, “मीटिंगमध्ये आहे.” सेवानिवृत्त माणूस, संध्याकाळी सात वाजता, मीटिंगमध्ये.

हे सगळं दिसत होतं, पण मला पकडता आलं ते व्याकरणाने. एकदा भाज्यांवरून विषय निघाला. मी म्हटलं, आज कारलं केलंय. ते म्हणाले, “आमच्याकडे कारलं होतच नाही. हिला कारलं आवडत नाही.”

आवडत नाही. गेलेल्या माणसाला मराठीत कारलं आवडत नसे, आवडायचं नाही, कधी आवडलं नाही. पण ‘आवडत नाही’ हे जिवंत बाईलाच म्हणतात. मी एकतीस वर्षं मुलांच्या वहीत हाच काळ लाल शाईने दुरुस्त केला होता. मीही हे गेल्यावर वर्षभर चुकत होते, “यांना चहात आलं लागतं” असं म्हणून जीभ चावायचे, म्हणून एकदा सोडून दिलं. पण पुढच्या पंधरा दिवसांत तीनदा तेच झालं, आणि तिसऱ्यांदा ही म्हणे गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेली होती, काल.

भाचीला सांगितलं तर ती उडालीच. तिचं गणित असं की एक खूण म्हणजे योगायोग, दोन म्हणजे लक्ष ठेव, आणि वेगवेगळ्या जागी दिसलेल्या तीन खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील तर तो बावटा. दुपारच्या वेळा, रविवार, आणि वर्तमानकाळ, तिन्ही एकाच दाराकडे जात होते. पण तिने लगेच पळ असं सांगितलं नाही. म्हणाली, एक साधी मागणी कर, जी खऱ्या माणसाला अडचणीची नाही आणि खोट्याला जमणार नाही. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल.

मी विचारलं. त्या रविवारी कॅमेरा बिघडला होता. पुढच्या रविवारी गावाला जायचं होतं. तिसऱ्या खेपेला मी सरळच म्हटलं, “तुमच्या मिसेस कधी गेल्या?”

बराच वेळ काही नाही. मग ते म्हणाले, “गेल्या म्हणजे... आम्ही बोलत नाही.”

मला हसावं की रडावं कळेना. फोन ठेवला. त्यांच्या मिसेसची आजही कधीतरी आठवण येते, कारलं निवडताना.

रेड फ्लॅग या शब्दाचं एक वाईट आहे, तो हातात आला की सगळीकडे रोवावासा वाटतो. भाची आणि तिच्या मैत्रिणी शनिवारी माझ्या ओट्यापाशी बसून मुलांच्या प्रोफाइली वाचतात तेव्हा तासाभरात दहा-बारा बावटे फडकतात. एकाने आईबरोबरचा फोटो टाकला, बावटा. एकाने फोटोत गाडीवर हात ठेवलाय, बावटा. मी म्हटलं, अगं हा बावटा नाही, हे तुम्हाला आवडत नाही एवढंच आहे. तर त्यासाठी वेगळा शब्द निघाला, इक. अमुक पाहिलं आणि मन विटलं, बस. पायमोज्यावर चप्पल घालणारा माणूस इक असू शकतो, धोका नव्हे. हे दोन शब्द वेगळे ठेवले की बरीच भांडणं वाचतील.

आणि त्यांची यादी आमच्या वयाला जशीच्या तशी लागूही होत नाही. तरुणांमध्ये पहिल्या भेटीत जुन्या प्रेयसीबद्दल बोलत राहणारा मुलगा हा हमखास बावटा, अजून तिच्यातून बाहेर आलेला नाही म्हणून. आता पस्तीस वर्षं संसार केलेला माणूस कॉफी पिताना तासात तीनदा बायकोचं नाव घेतो, यात मला काही धोका दिसत नाही. उलट एका गृहस्थांनी दोन भेटींत गेलेल्या पत्नीचा एकदाही उल्लेख केला नाही, फोटो कुठे आहे विचारलं तर “माळ्यावर असेल” म्हणाले. मी माझ्या यादीत पहिला बावटा तिथे लावला.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती पेपरात रोज येते. बोटीवरचा इंजिनिअर, पांढरी दाढी, चौथ्या दिवशी मी त्याच्या आयुष्याची राणी झाले. सकाळ-दुपार-संध्याकाळ गुलाब. याला लव्ह बॉम्बिंग म्हणतात. हा शब्द डेटिंगमध्ये जन्मला नाही, अमेरिकेत १९७०च्या दशकात युनिफिकेशन चर्च या पंथाच्या संदर्भात तो गाजला. नव्या माणसाला प्रेमाने इतकं भिजवायचं की त्याला विचार करायला सवडच उरू नये. दुसऱ्या आठवड्यात माझ्या नावाने पार्सल निघालं आणि कस्टममध्ये अडकलं, सोडवायला ३८,५०० रुपये. भाचीने त्याचा फोटो नेटवर शोधायला टाकला, तो कुठल्याशा परदेशी डॉक्टरचा निघाला. मी पैसे भरले नाहीत. आमच्या भिशीतल्या एकीने अशाच पार्सलचे भरले होते आणि लाजेपोटी तीन आठवडे कुणाला बोलली नाही. १९३० या नंबरवर पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठवण्याची शक्यता असते, तीन आठवड्यांनी जवळजवळ काही उरत नाही. लाज आवरून तेवढा फोन करायचा, एवढंच मी भिशीत सांगते.

आता तिसरा शब्द, ज्याने मला खरं दमवलं.

टेकडीवर सकाळी येणारे एक बँकेतले निवृत्त गृहस्थ आहेत, मूळचे सातारकडचे. गंमत अशी की ते मला आधी अ‍ॅपवर दिसले आणि मग कळलं की आम्ही चार वर्षं एकाच टेकडीवर उलटसुलट दिशेने चढतोय. तेरा महिने झाले. शनिवारी नाटक किंवा गाणं. गुरुवारी रात्री फोन. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव मला पाठ आहे, माझ्या लॉकरची दुसरी किल्ली कुठे असते ते त्यांना माहीत आहे. ते मला ‘बाई’ म्हणतात, शाळेतल्यासारखं. मी त्यांना काही म्हणत नाही, “अहो” वर भागतं.

भाचीने एका शनिवारी, मी गजरा लावत असताना विचारलं, “मावशी, तुमचं नक्की काय आहे?”

“मैत्री आहे.”

“मैत्रीत गजरा?”

मग ती पलंगावर बसली आणि तिने एकेक विचारायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाला तुझ्याबद्दल माहीत आहे? तो मला टेकडीच्या ग्रुपमधली एक बाई म्हणून ओळखतो. तुझ्या मुलाला? नाही. पुढच्या शनिवारपलीकडचं तुम्ही कधी काही ठरवलंय, म्हणजे मे महिन्यात कुठे जायचं वगैरे? नाही. दिवाळीला कुठे होते? मुलाकडे हैदराबादला. तू? तुझ्याकडे, तुझ्या आईच्या हातची शंकरपाळी खात. त्यांच्याविषयी बोलताना ‘आम्ही’ म्हणतेस की ‘ते आणि मी’? मला आठवेना.

“सिच्युएशनशिप,” तिने निदान केलं.

प्रेमातली जवळीक आहे, वेळ दिला जातोय, पण नात्याला नाव नाही, पुढचं काही ठरलेलं नाही आणि जगाला सांगितलेलं नाही. २०२३ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द निवडला तेव्हा हा शब्द शेवटच्या निवडक यादीत होता, जिंकला मात्र ‘रिझ’ नावाचा भलताच शब्द. भाचीच्या तोंडी सिच्युएशनशिपला दुःखाचा वास आहे. तिच्या मैत्रिणीची दोन वर्षं त्यात गेली. मुलगा “लेबल कशाला” म्हणत राहिला आणि तिसऱ्या वर्षी त्याने भलतीशीच साखरपुडा केला. पंचविशीत हे नुकसान खरं आहे, कारण तिथे घड्याळ चालू असतं.

मी तिला विचारलं, “आणि नाव द्यायचं म्हटलं तर कुठलं देऊ?”

कारण मी त्यावर रात्री विचार केलेला होता. लग्न हे पहिलं नाव. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या मागे मला जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं ते मी पुन्हा लग्न केलं की बंद होतं. अपत्य नसलेल्या विधवेला, तिचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर, ते चालू राहतं, पण मला मुलगा आहे. माझं शाळेचं स्वतःचं पेन्शन आहे, उपाशी नाही मरणार. पण यांच्या पेन्शनचा मेसेज महिन्याच्या शेवटी येतो तेव्हा मला रकमेपलीकडचं काहीतरी वाटतं, ते भाचीला समजावता आलं नाही.

दुसरं नाव लिव्ह-इन. पुण्यात ज्येष्ठांसाठी हे जमवून देणारं मंडळच आहे, माधव दामल्यांनी २०१२ साली सुरू केलेलं. आमच्या भिशीत एक वकीलबाई आहेत, त्यांनी नीट समजावलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘विवाहसदृश संबंध’ असा शब्द आहे आणि त्यातल्या स्त्रीला संरक्षण मिळू शकतं. पण विवाहसदृश म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली वेलुसामी खटल्यात सांगितलं. दोघांनी समाजापुढे पतिपत्नीसारखं वावरलेलं असावं, दोघं लग्नाला कायद्याने मोकळे आणि वयाने पात्र असावेत, आणि पुरेसा काळ स्वखुशीने एका घरात राहिलेले असावेत. नुसते शनिवार-रविवार एकत्र काढले तर ते त्यात बसत नाही, असंही कोर्टाने त्यात म्हटलंय.

मी घरी येऊन भाचीला म्हटलं, “बघ, तुझी सिच्युएशनशिप म्हणजे कायद्याने न ओळखलेली जागा. समाजापुढे वावरणं ही पहिली अट आणि तुमच्या व्याख्येत नेमकं तेच नसतं.”

ती म्हणाली, “ते सगळं ठीक आहे मावशी. पण सिच्युएशनशिप कधी टोचते माहितीये? एकाला नाव हवं असतं आणि दुसरा टाळत असतो तेव्हा. दोघांनाही नको असेल तर काही बिघडत नाही. तुला हवंय का?”

शाळेत एखादा मुलगा असा प्रश्न विचारायचा की तास संपला तरी मी फळ्यासमोर उभीच. तसं झालं.

हा प्रश्न समोरच्याला विचारण्याच्या बोलण्यालाही त्यांच्यात नाव आहे, डीटीआर, नात्याची व्याख्या करून घेणं. भाचीने सूचना दिल्या. नाटकानंतर नको, दमलेले असतात. फोनवर नको. ‘आपलं पुढे काय’ असं विचारू नको, माणूस घाबरतो, तुला काय हवंय ते आधी सांग. मी सगळ्या सूचना ऐकल्या आणि टेकडी उतरताना, धापा टाकत, नेमकं तेच विचारलं. “अहो, आपलं हे काय आहे?”

ते म्हणाले, “बरं चाललंय की.”

भाचीने कपाळावर हात मारला. असं उत्तर म्हणे सिच्युएशनशिपच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असतं. पण तिने पुढचं ऐकलं नव्हतं. शंभरेक पावलं उतरल्यावर ते थांबले, बुटाची नाडी सुटली नव्हती तरी वाकून बांधली आणि म्हणाले, “मुलगा फ्लॅटचं विचारतो अधूनमधून. नावावर कधी करताय म्हणून. मी कुणाबरोबर नाटकाला जातो हे त्याला कळलं तर तो तुमचं नाव नाही विचारणार, बाई, फ्लॅटचंच विचारेल. ते तुम्ही ऐकावं असं मला वाटत नाही.” आणि चालायला लागले. हे टाळणं आहे की जपणं आहे, यावर भाचीचं आणि माझं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, दोन्ही असू शकतं. मला तिचं उत्तर आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही.

फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी, पण सोबत कुणीतरी लागतं. मुलाला सुटी नव्हती. मी गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “पेशंटशी नातं?” तिच्या संगणकावर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशी रांग होती. मी “परिचित” म्हटलं. तिने वर पाहिलं, माझ्या हातातला थर्मास पाहिला, त्यांचा स्वेटर पाहिला आणि ‘नातेवाईक’ टाकून टाकलं. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केलेली असल्याने त्यांना काही दिसत नव्हतं. “काय लिहिलं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “लिहिलं काहीतरी.”

घरी आणल्यावर दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. दुपारी मी बाटली हातात घेऊन त्यांची मान मागे टेकवली आणि तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. असा फोन आला की मी स्वयंपाकघरात जाते, तेरा महिन्यांची सवय आहे. मी निघाले. ते प्लास्टिकच्या झाकणाखालून, एका डोळ्याने, म्हणाले, “थेंबाची वेळ झालीये ना? घाला की.” आणि फोन उचलला.

रात्री मी हे भाचीला सांगितलं तर ती ओरडलीच, “मावशी, सॉफ्ट लाँच!” मला वाटलं डोळ्याचंच काही आहे. तिने समजावलं. माणूस लगेच जगाला दाखवायचं नसतं, तेव्हा फोटोत नुसती एक बाजू येऊ द्यायची. टेबलावर दुसरा कॉफीचा कप, खांद्यावर एक हात. चेहरा नाही. बघणाऱ्यांनी काय ते ओळखावं.

“मग त्यांचा मुलगा काय म्हणाला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, त्याच्या पडद्यावर म्हणे बापाचं कपाळ होतं, एक डोळा होता आणि बाटली धरलेला बांगड्यांचा हात होता. त्याने विचारलं, “बाबा, हा हात कुणाचा?”

“आणि ते?”

“‘हलवू नका,’ म्हणाले. मला.”